निरोपाच्या पत्रातली बेसिस

«मी एका वरिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं गणित शिकवते आहे. मेअखेर निवृत्त होते. शेवटच्या वर्गाला, म्हणजे एस.वाय.बी.एस्सी.च्या मुलांना, हातात एक पत्र द्यायचं मनात आहे. यंदा त्यांना लिनिअर अल्जिब्रा शिकवला, म्हणून कल्पना अशी सुचली: बेसिसमधले मोजके सदिश जसं सगळं अवकाश तयार करतात, तसेच काही मोजके धडे बाकीचे सगळे धडे तयार करतात. माझ्या मसुद्यात आठ धडे आहेत.

१. व्याख्या नेमकी माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका. २. नवं प्रमेय आलं की लहानात लहान उदाहरण हाताने करून पाहा. ३. प्रमेयातली एकेक अट काढून काय बिघडतं ते बघा. ४. पाठांतर करू नका. ५. उत्तर मूळ गणितात घालून पडताळा. ६. चूक झाली तर ती नेमकी कुठल्या ओळीत झाली ते शोधा. ७. दुसऱ्याला समजावता आलं तरच समजलं असं माना. ८. मेहनतीला पर्याय नाही.

विभागातल्या सहकाऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले, ‹ही यादी आहे, बेसिस नाही.› तुलना सोडून द्यावी, की दुरुस्त करता येईल?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा»

मॅडम, सहकाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण म्हणून तुलना सोडू नका. तिच्यात थोडंच काम बाकी आहे, आणि ते काम तुम्ही वर्षभर फळ्यावर करत आलेलंच आहे.

बेसिस दोन गोष्टींची हमी देते. पहिली, काही राहून गेलेलं नाही: अवकाशातला कुठलाही सदिश या मोजक्या सदिशांच्या पटी घेऊन आणि त्या एकमेकांत मिळवून तयार होतो. दुसरी, काही जास्तीचं नाही: यातला एकही सदिश बाकीच्यांपासून तयार होत नाही. तुमचा मसुदा पहिलीच हमी देतो. आठ धडे सगळं काही तयार करतात, असं तुम्ही म्हणता. पण सोळा धडे लिहिले असते तरी तेही सगळं तयार करणारेच ठरले असते. यादी आणि बेसिस यांच्यातला फरक दुसऱ्या हमीत आहे. तुमच्या मुलांनी परीक्षेत गुण घालवले असतील, तेही बहुतेक तिथेच.

धड्यांकडे वळण्याआधी एक छोटं गणित पत्रातच पुरतं सोडवून दाखवा. नुसतं «बेसिससारखे» म्हटलं तर उपमा शोभेपुरती उरते. मुलांनी जे हाताने केलं आहे तेच पुन्हा डोळ्यांसमोर आलं, तर पुढचं सगळं त्यांना त्या गणिताच्या भाषेत वाचता येईल. तीन मितींतले हे चार सदिश घ्या:

क = (१, १, ०)
ख = (०, १, १)
ग = (१, २, १)
घ = (१, ०, १)

डावीकडून चाळायला लागा. क शून्य नाही, ठेवा. ख ही क ची पट नाही, ठेवा. ग कडे आलात की विचारा: क आणि ख यांच्यापासून हा तयार होतो का? होतो, क + ख म्हणजेच ग. तो बाजूला ठेवा. आता घ. क ची कुठलीही पट आणि ख ची कुठलीही पट मिळवली, तर मधला आकडा नेहमी पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज असतो. घ मध्ये पहिला १, तिसरा १ आणि मधला ०. बेरीज जमत नाही, म्हणून घ नवा आहे, ठेवा. उरले क, ख, घ. तीन मितींच्या अवकाशात तीन स्वतंत्र सदिश मिळाले, म्हणजे बेसिस मिळाली.

इथे एक चूक हमखास होते आणि पत्रात ती दाखवण्यासारखी आहे. क, ख, ग या तिघांना जोडीजोडीने तपासलं तर कोणीच कोणाची पट नाही. क आणि ख स्वतंत्र, ख आणि ग स्वतंत्र, क आणि ग स्वतंत्र. तेवढ्यावरून मुलं «तिघेही स्वतंत्र» असं लिहून मोकळी होतात. पण ग = क + ख, म्हणून तिघे मिळून परावलंबी आहेत. परावलंबन दोघांच्यात दिसेलच असं नाही, ते तिघांच्यात लपून बसू शकतं. धड्यांचंही तसंच असतं. आठांतले कुठलेही दोन शेजारी ठेवले तर ते वेगळेच वाटतात, आणि म्हणूनच आठही आवश्यक आहेत असा समज होतो.

जास्तीचा सदिश ठेवल्याने बिघडतं काय, हेही दोन ओळींत दाखवता येईल. (३, ५, ४) हा सदिश घ्या. फक्त क, ख, घ वापरले तर तो एकाच रीतीने तयार होतो: दोन क, तीन ख, एक घ. दुसरी रीत नाही. ग ला परत आत घेतलं की एक ख, दोन ग आणि एक घ घेऊनही तोच सदिश मिळतो, आणि अशा रीती अगणित होतात. कुठला सदिश किती घ्यायचा याला नेमकं उत्तर उरत नाही. आठ धडे हातात घेऊन गणितासमोर बसलेल्या मुलाचीही हीच अडचण असते. अडल्यावर यातला कुठला धडा काढायचा, हे त्याला कळत नाही, कारण तीन धडे एकच काम वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतात.

आता तुमचे आठ धडे. त्याआधी अवकाश ठरवा, कारण अवकाश ठरल्याशिवाय बेसिस हा शब्दच वापरता येत नाही. तुमच्या मसुद्यात ते कुठेच सांगितलेलं नाही. मोह होईल तो «आयुष्य» लिहायचा. लिहू नका. आयुष्यात काय काय येतं याची हद्द कोणालाच घालता येत नाही, तर ते पूर्ण व्यापलं की नाही हे तपासणार कसं? तुमचे धडे पाहता अवकाश स्पष्ट आहे: पूर्वी न पाहिलेलं गणिती विधान किंवा उदाहरण समोर आलं की विद्यार्थी जे जे करू शकतो, ते सगळं. एवढ्याचीच हमी घ्या. ती खरी असली की मुलं बाकीचं स्वतः ताडून घेतील.

चाळणी तीच, फक्त प्रश्न बदलतो. प्रत्येक धड्यापाशी थांबून विचारायचं: आधीचे ठेवलेले धडे पाळणारा विद्यार्थी हा धडा न सांगताही हेच करेल का? करणार असेल तर धडा बाजूला. मात्र «साधारण तेच आहे» एवढ्यावर काढू नका. एखादी ठरावीक चूक समोर ठेवून पाहा.

पहिला धडा, व्याख्या. जोडीजोडीने तपासण्याची मघाची चूक समोर ठेवा. ती चूक कशाने पकडली जाते? स्वातंत्र्याची व्याख्या शब्दशः माहीत असल्याने. सगळ्यांचं मिळून केलेलं कॉम्बिनेशन शून्य आलं तर प्रत्येक सहगुणक शून्यच असला पाहिजे, असं व्याख्या म्हणते. त्यात जोड्यांचा उल्लेखच नाही. पहिला ठेवा.

दुसरा, लहान उदाहरण. व्याख्या तोंडपाठ असलेला विद्यार्थीही ही चूक करतो: कॉलम स्पेसची बेसिस विचारली की मॅट्रिक्सचं रिडक्शन करतो आणि रिडक्शन झालेल्या मॅट्रिक्सचेच कॉलम उचलून लिहितो. (१, १) आणि (२, २) एवढेच दोन कॉलम घेऊन पाहिलं असतं तर त्याला लगेच दिसलं असतं. रिडक्शननंतर पहिला कॉलम (१, ०) होतो, आणि तो (१, १) च्या कुठल्याही पटीत बसत नाही. पिव्हट कॉलम कुठले एवढंच रिडक्शन सांगतं, सदिश मात्र मूळ मॅट्रिक्समधून घ्यायचे. व्याख्येने हे पकडलं नव्हतं, दोन कॉलमच्या उदाहरणाने पकडलं. दुसरा ठेवा.

तिसरा, अट काढून पाहणं. हा पहिल्या दोघांपासून निघतो असं वाटेल, पण निघत नाही. उदाहरण करून पाहा म्हटलं की विद्यार्थी प्रमेयाच्या अटी पाळणारंच उदाहरण घेतो. कुंपणाबाहेर पाऊल टाकायला त्याला तिसराच धडा सांगतो. वर आपण «तीन मितींच्या अवकाशात तीन स्वतंत्र सदिश असले की बेसिस झालीच» हे वापरलं. मिती सांत असण्याची अट काढा. सगळ्या बहुपदींच्या अवकाशात `x`, `x²`, `x³` आणि पुढचे सगळे घात घ्या. सदिश अनंत, अवकाशाची मितीही अनंत, सदिश स्वतंत्रही आहेत. तरी साधा `1` त्यांच्यापासून तयार होत नाही. मोजणी जुळली म्हणून बेसिस झाली, हा युक्तिवाद सांत मितींतच चालतो, हे तेव्हा कळतं. तिसरा ठेवा.

चौथा, पाठांतर नको. हा काढावा, आणि तो नुसता जास्तीचा आहे म्हणून नाही. पहिल्या धड्याशी तो भांडतो. व्याख्या तर शब्दशः पाठच हवी. «प्रत्येक सहगुणक शून्य» ऐवजी «एखादा सहगुणक शून्य» असं आठवलं तर सगळंच उलटतं. न समजता पाठ करू नका, असं तुम्हाला म्हणायचं आहे, आणि ते काम दुसरा धडा करतो. ज्याने उदाहरण हाताने केलं, तो बिनसमजता पाठ करूच शकत नाही.

पाचवा, पडताळा. पहिले तीन धडे पाळणाराही बेरजेत चुकतो. (३, ५, ४) साठी २, ३, १ असं उत्तर आलं तर दोन क म्हणजे (२, २, ०), तीन ख म्हणजे (०, ३, ३) आणि एक घ म्हणजे (१, ०, १). बेरीज (३, ५, ४). हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि पहिल्या तिघांतला कोणीही ते करायला सांगत नाही. पाचवा ठेवा.

सहावा, चूक कुठल्या ओळीत ते शोधणं. इथे तुम्हाला काढायला जड जाईल, कारण धडा चांगला आहे. पण ओळ शोधायची म्हणजे करायचं काय? प्रत्येक ओळीत उत्तर घालून बघायचं, आणि जिथे पहिल्यांदा जुळत नाही तिथे थांबायचं. हा पाचवाच धडा आहे, ओळीओळीने वापरलेला. आपल्या भाषेत सहावा ही पाचव्याची पट आहे. त्याला वेगळी जागा देण्याऐवजी पाचव्याच्या वाक्यातच भर घाला: «उत्तर पडताळा, आणि जुळलं नाही तर प्रत्येक ओळ पडताळा.»

सातवा, दुसऱ्याला समजावणं. समजावताना नेमकं काय घडतं ते सुटं करून पाहा. तुम्ही व्याख्या सांगता, लहान उदाहरण करून दाखवता आणि समोरचा शंका काढून तुमचं म्हणणं पडताळतो. पहिला अधिक दुसरा अधिक पाचवा. मघाशी ग जसा क + ख निघाला, तसा हा. बाजूला ठेवा, पण विसरू नका, त्याचं पुढे काम आहे.

आठवा, मेहनतीला पर्याय नाही. हा शून्य सदिश आहे. शून्य सदिश प्रत्येक अवकाशात असतो आणि कुठल्याही बेसिसमध्ये नसतो, कारण तो कशातही मिळवला तरी काही बदलत नाही. हे वाक्य खोटं नाही. पण ते वाचून मुलगा वहीत काय वेगळं करेल असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. निरोपाच्या पत्रात अशी वाक्यं आपोआप येतात. मसुदा पुन्हा वाचताना प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न विचारा.

आठांतून चार उरले: पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा. पण काम अर्धंच झालं. जास्तीचं काढलं, आता काही राहून गेलं का ते पाहायचं. त्यासाठी गेल्या दोन-तीन सत्रांच्या उत्तरपत्रिकांतल्या किंवा चाचण्यांतल्या दहा-बारा खऱ्या चुका काढा, विद्यार्थ्याचं नाव न लिहिता, आणि प्रत्येकीसमोर चारांपैकी कुठल्या धड्याने ती टळली असती तो आकडा टाका. बहुतेकांसमोर आकडा पडेल. ज्या पानावर काहीच लिहिलेलं नाही, त्याच्यासमोर पडणार नाही. व्याख्या येते, लहान उदाहरण झालं, पडताळायला अजून काही हातात नाही, आणि मूल गप्प बसलं आहे. ही चूक नाही, अडणं आहे, आणि तुमच्या आठातलाही एकही धडा तिथे पोचत नव्हता. सातवा जवळ येतो, पण तो समजलेलं सांगायचा धडा आहे, आणि इथे न समजलेलं सांगायचं आहे. म्हणून एक धडा वाढवावा लागेल. तो असा लिहिता येईल: «अडलात की कुठे अडलात ते एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य घेऊन कोणाकडे तरी जा.» «काहीच कळत नाही» हे वाक्य त्यात चालत नाही. «ग बाजूला ठेवला, पण घ का ठेवला ते कळलं नाही» हे चालतं. चार अधिक हा एक, असे पाच झाले.

धडे यादीतून निवडायचे की नव्याने लिहायचे, हाही एक प्रश्न तुमच्यासमोर येईल. रिडक्शनचे दोन मार्ग इथे आठवा. सदिश कॉलममध्ये मांडले तर पिव्हट सांगतात की तुमच्या मूळ सदिशांपैकी कुठले ठेवायचे. ओळींत मांडले तर रिडक्शननंतर ज्या शून्य नसलेल्या ओळी उरतात त्या बेसिस असतात, पण त्या तुमच्या यादीतल्या नसतात. वरचे चार सदिश ओळींत मांडून पूर्ण रिडक्शन केलं तर (१, ०, ०), (०, १, ०), (०, ०, १) मिळतात. अगदी स्वच्छ, पण क, ख, घ यांचा मागमूस नाही. धडे पुन्हा पुन्हा घासून पुसून लिहीत गेलात तर हेच होतं. शेवटी «विचार करा, करून पाहा, तपासा» असं काहीतरी उरतं, जे कोणत्याही शिक्षकाचं असू शकतं. पहिलाच मार्ग घ्या. तुमच्या मूळ वाक्यांतून निवडा, त्यांना फार गुळगुळीत करू नका. मुलांना ती वाक्यं तुमच्या आवाजात ऐकू आली पाहिजेत.

आता या तुलनेची मर्यादा. ती पत्रात एका परिच्छेदात सांगावी, कारण तुमच्या वर्गातलं एखादं हुशार मूल ती शोधणारच. सदिश अवकाशात एक सुंदर प्रमेय आहे: बेसिस कुठलीही घ्या, तिच्यातल्या सदिशांची संख्या तीच राहते. क, ख, घ घ्या किंवा (१, ०, ०), (०, १, ०), (०, ०, १) घ्या, तीनच. धड्यांबाबत हे खरं मानता येत नाही. कारण नाण्यांवरून कळेल. फक्त २ आणि ५ रुपयांची नाणी आहेत आणि सुटे परत घेता येतात असं धरा. ५ देऊन २ ची दोन नाणी परत घेतली की १ रुपया दिला जातो, म्हणजे कुठलीही पूर्ण रुपयांची रक्कम देता येते. यातलं एकही नाणं काढता येत नाही. फक्त २ ची उरली तर ३ रुपये देता येत नाहीत, फक्त ५ ची उरली तर १ रुपया देता येत नाही. तरीही एकट्या १ रुपयाच्या नाण्याने सगळं भागतं. म्हणजे जास्तीचं काही नसलेले दोन संच, एकात दोन नाणी आणि एकात एकच. सदिश अवकाशात असं होत नाही, कारण तिथे कुठल्याही सदिशाची अर्धी, तिसरा हिस्सा, हवी ती पट घेता येते. नाणं अर्धं करता येत नाही. धडाही अर्धा करता येत नाही. म्हणून «धडे बरोबर पाचच» असं पत्रात लिहू नका. «मला पाच लागले» असं लिहा. दुसऱ्या कोणाला तीन लागतील, तेही बरोबरच असेल.

दुसरी गोष्ट शब्दाची. «ही बेसिस» असं न लिहिता «ही एक बेसिस» असं लिहा. तीन मितींच्या अवकाशाला बेसिस अगणित असतात, आणि एका सदिशाच्या जागी दुसरा बसवून नवी बेसिस करता येते. पण जागा कुठली, याला नियम आहे. ग ला बेसिसमध्ये आणायचं असेल तर तो क च्या किंवा ख च्या जागी बसतो, घ च्या जागी बसत नाही, कारण ग = क + ख यात घ चा सहगुणक शून्य आहे. घ काढून ग घेतला तर क, ख, ग उरतील, आणि ते परावलंबी आहेत हे आपण पाहिलं. इथे बाजूला ठेवलेला सातवा धडा कामाला येतो. वर्गात एखादी मुलगी अशी असेल की जिला व्याख्या वाचून काही होत नाही, पण मैत्रिणीला समजावताना सगळं उलगडतं. तिला सातवा धडा पहिल्याच्या, दुसऱ्याच्या किंवा पाचव्याच्या जागी घ्यायची मोकळीक द्या. तिसऱ्याच्या जागी मात्र तो बसत नाही. किती समजावलं तरी अट काढून पाहणं त्यातून येत नाही. ही एवढी गोष्ट पत्रात आली की तुमचे धडे मुलांवर लादलेले राहत नाहीत, त्यांना बदलायचा हक्क मिळतो आणि बदलायची रीतही.

या अदलाबदलीच्या प्रमेयाला स्टाइनिट्झ या गणितज्ञाचं नाव आहे, पण त्याच्याही आधी १८६२ साली हेर्मान ग्रासमान यांच्या पुस्तकात ते सिद्ध झालेलं आहे. ग्रासमान स्टेटिन गावात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्टेचिनमध्ये, शाळामास्तर होते. १८४४ साली त्यांनी ही कल्पना प्रथम मांडली तेव्हा गणितज्ञांनी तिच्याकडे जवळजवळ लक्षच दिलं नाही. नंतर ते संस्कृतकडे वळले आणि ऋग्वेदाचा जर्मन शब्दकोश तयार केला, तो १८७० नंतरच्या दशकात छापला गेला. वर्गात शिकवून उरलेल्या वेळात बेसिसची आणि मितीची कल्पना घडवणारा हा माणूस शाळेतच शिकवत राहिला. पत्रात एखादं नाव घ्यायचंच असेल तर हे घ्या. दोन वाक्यं पुरेत, चरित्र नको.

पत्र किती मोठं असावं? ए-फोर कागदाची एक बाजू. वर चार सदिश आणि चाळणी, मग मूळ आठ धड्यांची यादी आणि त्यातल्या सातव्याची चाळणी, खाली पाच धडे, प्रत्येकासमोर तो कुठली चूक टाळतो ती एक ओळ. मराठी शब्दाचं म्हणाल तर «आधार» हा पाठ्यपुस्तकी शब्द बरोबर आहे, पण पत्रात तो आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर टेकू किंवा आधार कार्ड येतं. वर्गात तुम्ही आणि मुलं बेसिसच म्हणत होतात, तेच राहू द्या. मधला भाग साधारण असा होईल, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

«यंदा आपण चार सदिशांतून एक बाजूला काढला होता, आठवतंय? तो वाईट नव्हता. बाकीच्यांनी तो तयार होत होता, एवढंच. मी तुम्हाला वर्षभरात जे जे सांगितलं तेही असंच चाळून पाहिलं. खालचे पाच उरले. ते फक्त एका गोष्टीसाठी आहेत: न पाहिलेलं गणित समोर आलं की काय करायचं. बाकी जे सांगत होते, ते या पाचांतून तुम्हाला स्वतः काढता येईल. कसं काढायचं ते सातव्या धड्यावर करून दाखवलंय. चौथा आणि आठवा मी का गाळले ते लिहिलेलं नाही, ते तुम्ही शोधा. आणि यातला एखादा बदलून दुसरा घ्यावासा वाटला तर घ्या. फक्त नव्याचा सहगुणक जिथे शून्य नाही, तिथलाच काढा.»

शेवटच्या वाक्याखाली सही करा. «यशस्वी व्हा», «आशीर्वाद» वगैरे त्याखाली जोडू नका, ते तोंडी द्या.

आणि छापायला देण्यापूर्वी एक काम नक्की करा. टाइप करणाऱ्याकडून आलेल्या प्रतीत घ चा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहा. तिथे (१, ०, १) आहे. नजरचुकीने शेवटच्या १ आधी उणे चिन्ह पडलं आणि (१, ०, –१) झालं, तर तो बरोबर क – ख होतो. मग चाळणीत घ ही बाजूला पडेल, चारांतून क आणि ख एवढेच उरतील, आणि (३, ५, ४) कोणालाच तयार करता येणार नाही.